कमाल आली, पण ती खरंच कमाल आहे का? दुसरं डेरिव्हेटिव्ह आणि टोकांची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. खोली उद्यमनगरात, पत्र्याच्या एका वर्कशॉपच्या वर आहे. खाली कातर चालते, वर डेरिव्हेटिव्ह चालतं. कमाल-किमानचं प्रकरण सुरू झालं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. पोरं विचारतात, आणि कधी कधी खालचे मिस्त्रीही जिन्यात गाठून विचारतात. ते प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवले आहेत.

बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणावर आहेत, कारण तेच उदाहरण मी खाली रोज बघतो. ६० सेमी बाजूचा चौरस पत्रा घ्यायचा. चारही कोपऱ्यांतून x सेमी बाजूचे चौरस कापून टाकायचे, उरलेल्या कडा वर दुमडायच्या आणि कोपरे जोडायचे. वरून उघडा ट्रे तयार होतो. त्यात जास्तीत जास्त माल बसायला x किती हवा? पत्र्याची जाडी आणि दुमडीत जाणारा भाग सोडून दिला आहे.

आधी गणित एकदा पूर्ण सोडवून दाखवाल का?

ट्रेची उंची x, तळ 60 − 2x बाजूचा चौरस. म्हणून घनफळ

V = x(60 − 2x)²

गुणाकाराच्या नियमानं डेरिव्हेटिव्ह काढलं की

V′ = (60 − 2x)² − 4x(60 − 2x) = (60 − 2x)(60 − 6x)

कंस उघडून टाकू नका. असंच ठेवलं तर उत्तर समोर दिसतं: x = 30 किंवा x = 10. तीसला पत्रा चार तुकड्यांत संपतो, तळच उरत नाही, म्हणून तो गेला. उरला दहा. V(10) = 10 × 40² = 16,000 घन सेमी, म्हणजे बरोबर १६ लिटर.

बहुतेक पोरं इथं पेन ठेवतात. पुढचं सगळं पान त्या ठेवलेल्या पेनाबद्दल आहे.

दोनच उत्तरं आली, त्यातलं एक उघडच चुकीचं. मग दुसरं तपासायचं कशाला?

कारण V′ = 0 एवढंच सांगतं की तिथं आलेखाची स्पर्शिका आडवी आहे. आडवी स्पर्शिका डोंगराच्या माथ्यावर असते, खड्ड्याच्या तळाशी असते आणि चढाच्या मध्येच आलेल्या सपाट पायरीवरही असते. यातलं काय मिळालंय ते त्या शून्यावरून कळत नाही.

आणि उलट बाजूही आहे. सर्वात मोठी किंमत जिथं असते तिथं V′ शून्य असायलाच हवं असंही नाही. ती टोकाला असू शकते आणि तिथं आलेख अजून चढतच असू शकतो. म्हणजे शून्याची यादी दोन्हीकडून अपुरी आहे. तिच्यात नको ते येतं आणि हवं ते कधी कधी राहून जातं. नको ते ओळखायला दुसरं डेरिव्हेटिव्ह उपयोगी पडतं. राहून गेलेलं शोधायला टोकं बघावी लागतात. ही दोन वेगळी कामं आहेत; एक केलं म्हणून दुसरं झालं असं होत नाही.

दुसरं डेरिव्हेटिव्ह नेमकं काय सांगतं?

आपल्या उदाहरणात V′ = 12x² − 480x + 3600, म्हणून V″ = 24x − 480. दहा घातले की −240 येतात. ऋण, म्हणजे त्या जागी आलेख खाली वाकलेला आहे, उलट्या कढईसारखा. स्पर्शिका आडवी आणि वाक खाली, म्हणजे माथा. तीस घातले की +240, म्हणजे तळ. तिथं घनफळ शून्य आहे, त्यामुळे तेही पटतं.

पण हा निकाल फक्त त्या बिंदूच्या आजूबाजूचा आहे. टेंबलाईच्या टेकडीवर उभं राहिलात तर चारी बाजूंना उतारच दिसतो. म्हणून ती जिल्ह्यातली सर्वात उंच जागा होत नाही; पलीकडे जोतिबाचा डोंगर आहेच. V″ ऋण आहे याचा अर्थ तुम्ही कुठल्या तरी टेकडीच्या माथ्यावर आहात, एवढाच.

हे हवेतलं बोलणं वाटत असेल तर कॅल्क्युलेटर घ्या आणि त्याच सूत्रात x = 45 घाला. 60 − 2x होतं −30, त्याचा वर्ग ९००, गुणिले ४५ म्हणजे ४०,५००. सोळा हजारांच्या अडीचपट! x = 40 ला बरोबर १६,००० येतात आणि त्यापुढे हे सूत्र वाढतच जातं. वर्गामुळे ऋण बाजूचं चिन्ह गिळलं गेलं आणि सूत्रानं तक्रारही केली नाही. नुसत्या सूत्राला सर्वात मोठी किंमतच नाही. दहाला कमाल आहे हे म्हणणं खरं ठरतं ते आपण x ला ० ते ३० मध्ये बांधून घातलं म्हणून. V″ ला या बांधण्याचा पत्ता नसतो.

मग x ची हद्द कुठून आणायची?

पुस्तकात तिला डोमेन म्हणतात. ती सूत्रातून येत नाही, वस्तूतून येते. उंची ऋण असू शकत नाही म्हणून x ≥ 0. तळाची बाजू ऋण असू शकत नाही म्हणून 60 − 2x ≥ 0, म्हणजे x ≤ 30. ही ओळ मी V च्या सूत्राच्या लगेच खाली लिहायला लावतो, डेरिव्हेटिव्ह काढायच्या आधी. नंतर लिहायची म्हटली की ती राहतेच.

पोरांची एक शंका इथं ठरलेली असते: शून्याला आणि तीसला ट्रे होतच नाही, मग ती टोकं आत कशाला घ्यायची? घेतल्यानं बिघडत काही नाही, तिथं घनफळ शून्य येतं. फायदा मात्र मोठा आहे. टोकांसकट बंद असलेल्या हद्दीत सलग फलनाला सर्वात मोठी आणि सर्वात लहान किंमत मिळतेच, हे वायरस्ट्रासच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमेय आहे. आणि ती किंमत एकतर टोकाला असते, नाहीतर आत जिथं डेरिव्हेटिव्ह शून्य आहे किंवा अस्तित्वातच नाही अशा जागी. म्हणून मोजके बिंदू तपासले की काम संपतं. इथं तीनच: V(0) = 0, V(10) = 16,000, V(30) = 0. हा तक्ता हातात असेल तर V″ काढलं नाही तरी निकाल पक्का आहे. पेपरात V″ मागतात म्हणून काढायचं. त्याचा खरा उपयोग पुढे सांगतो.

«मास्तर, आपलं मशीन आठाच्या वर दुमडत न्हाई बघा. मग तुमचे दहा काय करू?»

हा प्रश्न खालच्या मिस्त्रींचा, आणि या पानावरचा सर्वात चांगला प्रश्न. त्यांच्या बेंडिंग मशीनवर अशा चारी बाजूंच्या ट्रेची कड ८ सेमीपेक्षा उंच घेता येत नव्हती. म्हणजे हद्द बदलली: 0 ≤ x ≤ 8.

आता दहा हद्दीबाहेर गेले. आत V′ शून्य होईल अशी एकही जागा नाही. दुसरं डेरिव्हेटिव्ह लावायला बिंदूच उरला नाही. तरी सर्वात मोठी किंमत आहेच, कारण हद्द बंद आहे. आत काही नाही म्हणजे ती टोकाला असणार. V(0) = 0 आणि V(8) = 8 × 44² = 15,488. उत्तर आठ.

ताळा असा. V′(8) = (60 − 16)(60 − 48) = 44 × 12 = 528. धन आहे, म्हणजे आठाला घनफळ अजून वाढतंच आहे. ते थांबलं नाही, आपल्याला थांबावं लागलं. पन्हाळ्याच्या घाटात मध्येच नाकाबंदीला गाडी अडवली, तर त्या दिवशी तुम्ही गाठलेली सर्वात उंच जागा म्हणजे ती नाकाबंदी. रस्ता तिथं सपाट नसतो.

सोळा लिटरऐवजी साडेपंधराच्या जवळपास मिळतात. मिस्त्रींना एवढंच हवं होतं: मशीन बदलण्याइतका तोटा आहे का? नाही.

टोकाला दुसरं डेरिव्हेटिव्ह घालून बघितलं तर?

आकडा येईल, पण त्याचा निकालाशी संबंध नाही. V″(8) = 192 − 480 = −288. एक मुलगा हे लिहून म्हणाला, «सर, ऋण आलं, म्हणून आठाला कमाल.» उत्तर बरोबर, कारण चूक. त्याच कारणानं V″(0) = −480 सुद्धा ऋण आहे, मग शून्यालाही कमाल म्हणायची का? तिथं तर ट्रेच नाही.

दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी पहिलं शून्य असेल तिथंच चालते. टोकाला पहिल्याचं चिन्ह बघायचं. उजव्या टोकाला V′ धन असेल तर आलेख चढत येऊन तिथं थांबला, म्हणून तिथं आजूबाजूच्यापेक्षा मोठी किंमत. डाव्या टोकाला उलट: V′ ऋण असेल तर तिथून आत उतार आहे, म्हणून टोक मोठं. पण हेही आजूबाजूपुरतंच झालं. शेवटी किमती काढून शेजारी शेजारी ठेवाव्या लागतातच, आणि त्या ठेवल्या तर चिन्हांचं सगळं पाठांतर विसरलं तरी चालतं.

माझं V″ धन आलं, पण दहाला कमाल आहे हे तर दिसतंय. चुकलं कुठं?

बहुधा तुम्ही V′ चं नाही, समीकरणाचं डेरिव्हेटिव्ह काढलंत. घडतं ते असं. V′ = 0 मधून 60 − 6x = 0 घेतलं, मग −6 नं भागून x − 10 = 0 केलं. उत्तर शोधायला हे बरोबर आहे. मग घाईत त्या x − 10 चंच डेरिव्हेटिव्ह घेतलं, आलं +1, आणि खाली लिहिलं «किमान». भागताना ऋण चिन्ह गेलं आणि त्याबरोबर वाकही उलटा झाला.

समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंना काहीही भागा, पण दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायला मूळ V′ वर परत या. आणि शंका आली की दोन शेजारी किमती काढा: V(5) = 12,500, V(15) = 13,500, मध्ये V(10) = 16,000. किमान असं दिसत नाही. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे.

दुसरं डेरिव्हेटिव्ह काढणं फारच किचकट होतं. काही सोपी वाट?

V′ अपूर्णांकाच्या रूपात, p/q असं आलं असेल तर भागाकाराचा पूर्ण नियम लावायची गरज नाही. ज्या बिंदूला p = 0 आहे त्या बिंदूपुरतं दुसरं डेरिव्हेटिव्ह = p′/q. नियमातला दुसरा भाग p नं गुणलेला असतो, तो तिथं शून्य होतो. q बहुतेक वेळा वर्ग किंवा वर्गमूळ असतं, म्हणजे धन; मग नुसतं p′ चं चिन्ह बघून भागतं. हीच गोष्ट इतर बिंदूंना लावली की चुकली. याचं उदाहरण पुढच्या उत्तरात, डब्यात येतंय.

हद्दीला टोकच नसेल तर काय तपासायचं?

झाकणासकट १ लिटरचा गोल डबा घ्या. त्रिज्या r सेमी, घनफळ 1000 घन सेमी. कमीत कमी पत्रा लागायला r किती?

S = 2πr² + 2000/r

r धन हवा, एवढीच अट. शून्य घेता येत नाही आणि वर सीमा नाही. टोकं नाहीत, म्हणून टोकांची किंमत काढता येत नाही. पण टोकाकडे जाताना काय होतं ते बघता येतं. r शून्याकडे गेला की 2000/r बेफाम वाढतो: सुतासारखा बारीक आणि मैलभर उंच डबा. r मोठा होत गेला की 2πr² बेफाम वाढतो: परातीसारखा पसरट. दोन्हीकडे पत्रा वाढतो, म्हणून किमान मध्येच कुठंतरी आहे.

S′ = 4πr − 2000/r² = (4πr³ − 2000)/r²

शून्य होण्यासाठी r³ = 500/π, म्हणजे r ≈ 5.42. उंची येते सुमारे १०.८४, बरोबर व्यासाइतकी. वरची युक्ती लावा: p′/q = 12πr²/r² = 12π. धन, म्हणून किमान.

इथं आणखी एक गोष्ट मिळते आणि ती या प्रकरणातली माझी आवडती आहे. S″ = 4π + 4000/r³ हे r कुठलाही घेतला तरी धनच आहे. एका बिंदूला नव्हे, सगळ्या हद्दीत. आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बाजूला वाकलेला असेल, तर त्याला दुसरी दरी पडायला जागाच नसते. म्हणून सापडलेली किमान ही एकमेव आणि सर्वात लहान किंमत. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह सगळ्या हद्दीत एकच राहिलं तर आजूबाजूचा निकाल सगळीकडचा होतो. ट्रेच्या उदाहरणात हे जमत नाही, कारण 24x − 480 वीसला चिन्ह बदलतं. तिथं तक्ता करायलाच लागतो.

प्रश्न कमालचा आहे आणि आत फक्त किमान सापडतं. गणित चुकलं का?

बहुतेक नाही. नमुन्याचं गणित तारेचं आहे. १०० सेमी तार दोन तुकडे करून एकाचा चौरस, दुसऱ्याचं वर्तुळ करायचं. दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी? चौरसाला x सेमी दिली तर

A = x²/16 + (100 − x)²/(4π)

A′ = 0 केल्यावर x = 400/(π + 4), म्हणजे सुमारे ५६. आणि A″ = 1/8 + 1/(2π), कायम धन. म्हणजे ५६ ला सर्वात लहान क्षेत्रफळ आहे, सुमारे ३५० चौरस सेमी. विचारलं होतं सर्वात मोठं.

इथं पोरं A″ परत काढतात, तिसऱ्यांदा काढतात, मग चिन्ह बदलून मोकळी होतात. त्याची गरज नाही. आत कमाल नाही, तर टोकं बघा. x = 100, म्हणजे सगळ्या तारेचा चौरस: ६२५. x = 0, म्हणजे सगळ्याचं वर्तुळ: सुमारे ७९६. उत्तर: तार कापूच नका, सगळ्याचं वर्तुळ करा. «तुकडे करा» असं प्रश्नात स्पष्ट असेल, म्हणजे x शून्य चालत नसेल, तर कमाल अस्तित्वातच नाही. x जितका लहान घ्याल तितकं क्षेत्रफळ ७९६ च्या जवळ जाईल, पण तिथं पोचणार नाही. हे उत्तरही पूर्ण उत्तरच आहे, फक्त ते लिहायला धीर लागतो.

V″ शून्य आलं तर?

तर ही कसोटी गप्प बसली. (x − 3)⁴ ला तीनला किमान आहे, (x − 3)³ ला तीनला काहीच नाही, आणि दोन्हींचं दुसरं डेरिव्हेटिव्ह तिथं शून्यच येतं. पहिल्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे तपासा: धनाचं ऋण झालं तर कमाल, ऋणाचं धन झालं तर किमान, तेच राहिलं तर दोन्ही नाही. «शून्य आलं म्हणून कमाल-किमान नाही» असं मात्र लिहू नका.

कातरीवर १० सेमी बरोबर येत नाही. पाचेक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर किती नुकसान?

हाही खालचाच प्रश्न, आणि V″ चा आकडा इथंच कामाला येतो. पेपरात आपण त्याचं चिन्ह बघून −240 टाकून देतो. त्या २४० मध्ये माथा किती सपाट आहे ते लिहिलेलं असतं.

माथ्यावर पहिलं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून d सेमी चुकलं तर होणारी घट जवळजवळ V″ चा निम्मा आकडा गुणिले d² इतकी असते. ०.५ सेमीसाठी 120 × 0.25 = 30 घन सेमी. खरं काढून बघू. V(10.5) = 10.5 × 39² = 15,970.5, घट २९.५. V(9.5) = 9.5 × 41² = 15,969.5, घट ३०.५. सोळा हजारांत तीस, म्हणजे दोन घोट चहाएवढंही नाही. मिस्त्रींना सांगितलं, पाच मिलिमीटरची काळजी सोडा.

पण आठाच्या मर्यादेवर काम चाललं असेल तर हेच वाक्य चुकीचं ठरतं. तिथं V′ शून्य नाही, ५२८ आहे. कड साडेसात झाली तर V(7.5) = 7.5 × 45² = 15,187.5. घट ३००.५ घन सेमी, म्हणजे दहापट. चूक तेवढीच, अर्ध्या सेंटिमीटरची. माथ्यावर दोन पावलं इकडेतिकडे झाली तरी उंची फारशी बदलत नाही, घाटात मात्र प्रत्येक पाऊल मोजलं जातं.

म्हणून उत्तर आतल्या माथ्यावर आहे की टोकाला, हा फरक नुसता पेपरापुरता नाही. आतलं असेल तर सोयीचा गोल आकडा धरायला हरकत नाही. टोकाचं असेल तर माप टोकाला भिडवून घ्यायचं.

पत्रा ५० सेमीचा असेल तर x = 8.33… येतो. मग आठ घ्यायचा की साडेआठ?

जवळचा आकडा धरायची सवय बहुतेक वेळा चालते, पण किंमत काढून ठरवणं सुरक्षित. V(8) = 8 × 34² = 9,248 आणि V(8.5) = 8.5 × 33² = 9,256.5. खरी कमाल ९,२५९.२६. साडेआठ घ्या. नग, माणसं, खेपा असे फक्त पूर्ण आकडे चालतात तिथंही हेच: दोन्ही शेजारी पूर्णांक घालून बघायचे. आणि ते दोन्ही हद्दीत आहेत ना, तेही.

दर तुटक असेल, म्हणजे अमुक किलोच्या वर वेगळा भाव, तर?

जिथं भाव बदलतो तिथं आलेखाला कोपरा किंवा उडी येते. डेरिव्हेटिव्ह तिथं नाही, मग दुसरं कुठून असणार? ती जागा टोकासारखी धरा: हद्द तिथं तोडा, प्रत्येक तुकड्याची दोन टोकं आणि आतली शून्यं तपासा. भावात उडी असेल तर त्या जागेला नेमका कुठला भाव लागतो ते बिलावरून पक्कं करा.

बारावीच्या पेपरात किती लिहू?

सूत्र, त्याखाली हद्द, V′ आणि त्याची शून्यं, हद्दीबाहेरचं किंवा निरुपयोगी शून्य का सोडलं त्याचं अर्धं वाक्य, V″ ची त्या बिंदूची किंमत चिन्हासकट, आणि शेवटी प्रश्नात जे विचारलंय ते. x विचारलाय की घनफळ, हे परत वाचा. त्यानंतर टोकांच्या किमतींची एक ओळ. हद्द प्रश्नातच दिलेली असेल तेव्हा ती ओळ म्हणजेच उत्तराचा गाभा असतो. सीईटीसारख्या पर्यायी परीक्षेत पर्यायच मूळ सूत्रात घालून तुलना करणं अनेकदा जलद पडतं, फक्त x = 45 सारखा हद्दीबाहेरचा पर्याय मोठी किंमत दाखवून फसवणार नाही एवढं बघा.

सगळं तपासलं, तरी प्रत्यक्षात माल कमी बसला. असं कसं?

खाली हे झालंच. माझ्या सांगण्यावरून दहाला ट्रे केला, सोळा लिटर बसायला हवेत, पाणी ओतलं तर चौदा-साडेचौदाच्या आसपास काठोकाठ. मी जिना उतरून बघितलं. मिस्त्रींनी वरची कड १ सेमी आत मोडली होती, हाताला पत्रा लागू नये म्हणून. तसं तर ते प्रत्येक ट्रेला करतात. मलाच कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

म्हणजे खोली x नाही, x − 1. सूत्रच वेगळं:

V = (x − 1)(60 − 2x)²

हद्दही सरकली: 1 ≤ x ≤ 30. V′ = (60 − 2x)(64 − 6x), म्हणून आतलं शून्य x = 32/3, सुमारे १०.६७. तिथं V″ = −232, दोन्ही टोकांना घनफळ शून्य, आणि किंमत सुमारे १४,४५३ घन सेमी. दहाला धरलं तर 9 × 1600 = 14,400. आधीच्या सूत्रात दहाची तपासणी शंभर टक्के बरोबर होती. दोन्ही कसोट्या दिलेल्या सूत्राचं उत्तर तपासतात, सूत्र तपासत नाहीत. ते पाणी ओतल्यावरच कळलं.

१०.६७ कातरीवर लावा म्हटल्यावर मिस्त्री हसले. त्यांनी साडेदहावर खूण केली. वर येऊन मी आकडा घातला: 9.5 × 39² = 14,449.5. कमालीपेक्षा सुमारे तीन घन सेमी कमी.